पावती क्र. ३७२४: एका क्रीडा मंडळाच्या ऑडिटची गोष्ट

पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव आणि तिथलं जुनं क्रीडा मंडळ. नाव-गाव सांगत नाही, आकडेही थोडे इकडेतिकडे केलेत, पण हिशोब जसा लागला तसाच मांडतोय. मंडळाचा स्वतःचा बॅडमिंटन हॉल आहे, तिथे वर्गणी भरून लोक खेळतात, आणि जानेवारीत तीन दिवसांची निमंत्रित कबड्डी स्पर्धा असते, तिला स्पॉन्सर मिळतात. सोसायटी म्हणून नोंदणी आणि पब्लिक ट्रस्ट म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे एफ नंबर, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक मंडळांसारखं दुहेरी रजिस्ट्रेशन. आर्थिक वर्ष २०२३-२४. आधीचे ऑडिटर वयोमानाने थांबले म्हणून काम माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी खजिनदार अण्णांनी तीन बॉक्स फाइल टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "साहेब, एक पण व्हाऊचर सुटलेलं सापडणार नाही तुम्हाला." खरं होतं ते. प्रत्येक खर्चाला व्हाऊचर, व्हाऊचरला बिल टाचलेलं, रेव्हेन्यू स्टॅम्प, सही, सगळं जागच्या जागी. पण मंडळांच्या ऑडिटमध्ये खर्चाची फाइल इतकी देखणी असली की मी आधी ती बाजूला ठेवतो आणि पावती पुस्तकं मागतो. कारण साधं आहे, झालेला खर्च वहीत असतोच, वहीत न आलेली जमा मात्र वही कितीही चाळली तरी दिसत नाही, तिच्यासाठी वहीच्या बाहेरून मोजत यावं लागतं.

तर वर्गणी. मी सभासद नोंदवही घेतली आणि खतावणी न बघता किती यायला पाहिजे ते काढलं. वार्षिक सभासद २८६, वर्गणी ३,००० रुपये, म्हणजे ८,५८,०००. विद्यार्थी ९४, त्यांना १,५००, म्हणजे १,४१,०००. वर्षभरात नवीन आलेले ४२ जण, प्रत्येकी १,००० प्रवेश फी, ४२,०००. एकूण १०,४१,००० यायला हवेत. पुस्तकात सभासद वर्गणी खात्याला होते ८,४६,५००. फरक १,९४,५००.

आता फरक आहे म्हणजे लगेच कुणी खाल्ले असं होत नाही, आणि इथेच बरेच जण घाई करतात. थकबाकी असते, माफी असते. ३१ जणांनी वर्गणी भरलीच नव्हती, ऑफिसातल्या आर्टिकलला, म्हणजे शिकाऊ पोराला, बसवून फोन करायला लावले, खरंच वर्षभर खेळायला आले नव्हते, कोणी पुण्याला शिफ्ट झालेला तर कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. ते ९३,००० गेले. राज्य पातळीवर खेळणाऱ्या ९ खेळाडूंना वर्गणी माफ होती, इतिवृत्तात ठराव होता, २७,००० तिथे गेले. उरले ७४,५००.

अण्णा म्हणाले एवढा फरक चालतोच. आणि तेवढ्यात उलटी गोष्ट सापडली. त्या ८,४६,५०० मध्ये दोन आजीव सभासदांचे २५,००० प्रमाणे ५०,००० घुसलेले होते. मंडळाच्या घटनेप्रमाणे आजीव वर्गणी कायम निधीला, म्हणजे थेट ताळेबंदाच्या डाव्या बाजूला जायला पाहिजे, चालू वर्षाच्या उत्पन्नात नाही. बाकीचे दोन आजीव सभासद बरोबर कायम निधीत होते, हेच दोघे चुकून की मुद्दाम वर्गणीत. ते बाहेर काढले की वार्षिक वर्गणी झाली ७,९६,५०० आणि खड्डा ७४,५०० वरून १,२४,५०० वर गेला. एका खात्यातली कमी दुसऱ्याच्या पैशाने झाकली जाते ती अशी, आणि एकूण बँक शिल्लक तर टॅली होतेच, त्यामुळे संशय कुणालाच येत नाही.

पावती पुस्तकांचं मग सुरू केलं. स्टॉक रजिस्टर नव्हतंच, म्हणजे कुठलं पुस्तक कोणाला कधी दिलं याची नोंदच नाही. पण छापखान्याचं बिल खर्चाच्या त्या देखण्या फाइलमध्ये होतं! पुस्तक नंबर २७ ते ४१, एकूण १५, प्रत्येकात १०० पावत्या. टेबलावर मोजली तर १४. नंबर ३८ नव्हतं, म्हणजे पावती ३७०१ ते ३८०० गायब. अण्णा म्हणाले छापखान्याने दिलंच नसेल. होऊ शकतं, मी काही बोललो नाही.

संध्याकाळी हॉलवर गेलो. तिथे एक मामा आहेत, वीस वर्षं दिवाबत्ती बघतात, आणि कोण किती वाजता कुठल्या कोर्टवर खेळला हे एका लांब वहीत पेन्सिलने लिहितात, कारण कोर्टवरून भांडणं होतात. त्या वहीतून फेब्रुवारीची ३० नावं उचलली आणि त्यांच्या पावत्या आमच्याकडच्या चौदा पुस्तकांत शोधल्या. २६ सापडल्या, चौघांच्या नाहीत. चौघेही नियमित खेळणारे, ठरावातले माफीवाले नाहीत. त्यातला एक बँकेत नोकरीला, तो म्हणाला मी तर जूनमध्येच भरलेत, थांबा, आणि मोबाईलमध्ये खाली खाली स्क्रोल करत फोटो काढून दाखवला. मंडळाचं नाव, गोल शिक्का, रोख तीन हजार, पावती क्रमांक ३७२४.

पुस्तक मग दुसऱ्या दिवशी आलं. हॉलच्या व्यवस्थापकाच्या ड्रॉवरमध्ये होतं म्हणे. ४६ पावत्या फाडलेल्या, ३३ वार्षिक आणि १३ विद्यार्थी, एकूण १,१८,५००. एकही रोजकीर्दीत नाही. १,२४,५०० ला अजून ६,००० कमी पडत होते. उरलेल्या सभासदांकडे विचारत गेलो तेव्हा दोघांनी यूपीआयचे स्क्रीनशॉट दाखवले, पैसे गेले होते सचिवांच्या पर्सनल नंबरवर, हॉलच्या भिंतीवर महिनाभर त्यांचाच क्यूआर लावलेला होता म्हणे, मंडळाचा बंद पडला होता म्हणून. दोन गुणिले तीन, सहा हजार. खड्डा रुपयाला रुपया भरला. असं नेहमी होत नाही, बहुतेक वेळा चार-पाच हजार कुठेतरी लोंबकळत राहतातच.

अण्णांचं स्पष्टीकरण अपेक्षित होतं तेच. "स्पर्धेला रोख लागते साहेब, पंच चेक घेत नाहीत, आचारी चेक घेत नाही, मग वर्गणीचीच रोख तिकडे वापरली. खाल्ली नाही कोणी." आणि एक वहीच काढली, त्यात चिठ्ठ्या, पंचांच्या मानधनाच्या सह्या, आचाऱ्याची ४०,००० ची चिठ्ठी, एकूण ८२,०००. राहिलेल्या ३६,५०० ला काहीच कागद नाही. ही वही आपण लक्षात ठेवू, ती पुढे परत येणार आहे.

स्पॉन्सरशिप तपासायला मंडळाची फाइल मी उघडतच नाही आधी. मंडळाच्या पॅनवर इन्कम टॅक्स पोर्टलला जाऊन २६एएस, म्हणजे त्या पॅनवर कापलेल्या टीडीएसचा उतारा, काढतो. कंपनी स्पॉन्सरशिपचे पैसे देते तेव्हा जाहिरातीचा करार म्हणून, तेव्हाच्या आयकर कायद्यात कलम १९४सी खाली, टीडीएस कापते, सोसायटीला २ टक्के, आणि तो भरला की देणाऱ्याचं नाव, रक्कम, तारीख सगळं आपोआप तिथे उमटतं. मंडळाला ते लपवता येत नाही, बऱ्याचदा माहीतही नसतं. मर्यादा एवढीच की एका वेळी ३०,००० पर्यंत आणि वर्षात एकूण एक लाखापर्यंत टीडीएस कापावा लागत नाही, त्यामुळे गावातला मिठाईवाला आणि मोबाईल शॉपी तिथे सापडणार नाहीत. मोठे मासे मात्र सापडतात.

पुस्तकात स्पॉन्सरशिप होती ६,३७,०००. एक बांधकाम कंपनी ४,९०,००० आणि एक गाड्यांचा डीलर १,४७,०००. २६एएसमध्ये तीन नावं. बांधकाम कंपनी ५,००,०००, डीलर १,५०,००० आणि तिसरी एक खत कंपनी ७५,०००. पहिल्या दोघांत तर साधी चूक होती, बँकेत टीडीएस कापून आलेली नेट रक्कमच उत्पन्न म्हणून घेतलेली, १३,००० टीडीएस कधी पुस्तकात आलाच नाही आणि मागच्या वर्षांचा पण नाही, म्हणजे मंडळ स्वतःच्याच रिफंडला दरवर्षी मुकत होतं. पण खत कंपनीचे ७५,००० कुठे गेले? मंडळाच्या बँक खात्यात ७३,५०० ची एंट्रीच नाही.

कंपनीच्या स्थानिक ऑफिसला अण्णांच्या सहीने कन्फर्मेशनचं पत्र पाठवलं, उत्तर मात्र थेट आमच्या ऑफिसला मागवलं. हे महत्त्वाचं, उत्तर क्लायंटच्या हातून आलं तर त्याला काही अर्थ नाही. उत्तरात चेकची झेरॉक्स आली. चेक होता 'स्पर्धा संयोजन समिती' या नावाने, गावातल्याच एका पतसंस्थेत वटलेला.

मग ते दुसरं खातं बाहेर आलं. स्पर्धेपुरतं उघडलेलं, अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सहीचं, वर्षभरात ३,१२,००० जमा, ३,०६,५०० खर्च, शिल्लक ५,५००. खत कंपनीशिवाय पुढाऱ्यांच्या देणग्या, गावातले बोर्ड-बॅनर वगैरे. कार्यकारिणीला माहीत होतं, लपवलेलं असं नव्हतं, फक्त "ते समितीचं आहे, मंडळाचं नाही" अशी सगळ्यांची प्रामाणिक समजूत. समितीला वेगळा पॅन नाही, वेगळी नोंदणी नाही, कंपनीला पॅन मंडळाचाच दिलेला, मग पैसा मंडळाचाच. शिवाय ट्रस्ट कायद्याचं कलम ३५ सांगतं की ट्रस्टचा पैसा शेड्यूल्ड बँकेत, पोस्टात किंवा शासनमान्य सहकारी बँकेत ठेवायचा. पतसंस्था त्यात बसत नाही. चेअरमन गावातलेच असोत नाहीतर मेहुणे असोत. पूर्ण खातं मंडळाच्या पुस्तकात ओढून घेतलं, जमा आणि खर्च दोन्ही ढोबळ दाखवले, फक्त उरलेले ५,५०० आणून टाकायचे नाहीत. स्पॉन्सरशिप मग ७,२५,००० झाली आणि टीडीएस येणे १४,५००.

त्याच खात्यामुळे मंडपवाल्याचं कोडं पण सुटलं. मुख्य पुस्तकात मंडपवाल्याला रोख १० व्हाऊचर होती, प्रत्येक ९,८०० चं, लागोपाठच्या दहा तारखांचं, आणि स्पर्धा तीनच दिवसांची. बघताक्षणी खोटं वाटावं असं. पण मंडपवाल्याचं कोटेशन २,१८,००० चं होतं, पतसंस्थेच्या खात्यातून त्याला १,२०,००० चा चेक गेलेला, आणि १,२०,००० अधिक ९८,००० बरोबर २,१८,०००. म्हणजे रक्कम खरी, काम खरं, तारखा खोट्या. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली की तेव्हाच्या आयकर कायद्याचं कलम ४०ए(३) लागतं आणि ट्रस्टला ती रक्कम उद्दिष्टावर खर्च केली म्हणून धरता येत नाही, हे अण्णांना कुणीतरी अर्धवट सांगितलेलं, म्हणून दहा तुकडे. मंडपवाल्याच्या स्वतःच्या वहीत मात्र एकाच तारखेला ९८,००० जमा! त्यामुळे तुकडे करून काही उपयोग झाला नाही, पूर्ण ९८,००० बाजूला काढावे लागले.

आता टी-शर्ट. स्वयंसेवकांचे १५० टी-शर्ट, २८० रुपये दराने ४२,००० चं बिल, गावातल्या दुकानाचं. बिलात वरवर काही खोट नाही. पण डीलरच्या स्पॉन्सरशिपच्या पत्रात शेवटची ओळ अशी की दीड लाखाशिवाय १५० टी-शर्ट आम्ही पुरवू. मी अण्णांना स्पर्धेचे फोटो मागितले, त्यांनी मोठ्या उत्साहाने अख्खा अल्बम पाठवला, आणि प्रत्येक फोटोत प्रत्येक पोराच्या बाहीवर डीलरचा लोगो. स्पॉन्सरच्या लोगोचे टी-शर्ट मंडळ स्वतःच्या पैशाने कशाला छापेल? वस्तुरूपात आलेली स्पॉन्सरशिप मंडळं लिहीतच नाहीत सहसा, आणि मग त्याच वस्तूच्या नावाने बिल लावायला जागा मोकळी राहते.

अण्णा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ते बिल जुळवून घेतलंय. आचाऱ्याचे चाळीस आणि गॅस-भाड्याचे दोन, त्याचं बिल मिळत नव्हतं." तोवर मला पण पटलं होतं, गावात असं चालतं, चुकीचं आहे पण पैसा खेळाडूंच्या जेवणात गेलाय. घरी जाताना गाडी चालवताना डोक्यात आलं की आचाऱ्याचे चाळीस आपण आधी कुठेतरी पाहिलेत.

चिठ्ठ्यांची वही! त्या ८२,००० मध्ये आचाऱ्याची ४०,००० ची चिठ्ठी होतीच. वर्गणीच्या रोखीतूनही आचारी आणि टी-शर्टच्या बिलातूनही आचारी. दुसऱ्या दिवशी आचाऱ्याला भेटलो, सरळ माणूस, म्हणाला मला एकदाच चाळीस मिळाले, शेवटच्या दिवशी, आणि गॅस माझाच होता. अण्णांना विचारलं तेव्हा त्यांनी आधी आचाऱ्याला खोटं पाडायचा प्रयत्न केला, नंतर विषय बदलला. माझ्या मते त्यांनी ठरवून केलं असं नसावं, महिनोन् महिने दोन खिशांतून रोख फिरवली की माणसाला स्वतःलाच आठवत नाही कुठला खर्च कुठून गेला. पण ते माझं मत झालं आणि रिपोर्टमध्ये मताला जागा नाही.

समितीच्या बाकीच्या खर्चात फार वेळ घालवला नाही. मीटिंगच्या चहा-नाश्त्याची २३ बिलं होती, इतिवृत्तात सभा ११. बिलांच्या तारखा सभांच्या तारखांशी लावल्या, १२ बिलांना सभाच नाही, त्यातली तीन रविवारी दुपारची, फॅमिली थाळीची. रक्कम १४,००० च्या आत. मुंबईला राज्य संघटनेच्या सभेला चौघे गेले तो खर्च मात्र ठरावासकट होता, तिकिटं होती, त्याला हात लावला नाही.

मग हिशोब लिहायचा कसा यावर आमच्या ऑफिसात दोन दिवस चर्चा. वर्गणीचे १,२४,५०० पूर्ण उत्पन्नात घेतले. चिठ्ठ्यांचे ८२,००० खर्चात मान्य केले, कारण पंचांना फोन करून मानधन पडताळलं होतं आणि आचाऱ्याचं तर समोरच. टी-शर्टचे ४२,००० खर्चातून काढले. म्हणजे कागद नसलेले ३६,५००, टी-शर्टचे ४२,००० आणि सचिवांकडचे ६,०००, मिळून ८४,५०० रुपये ३१ मार्च २०२४ च्या ताळेबंदात 'पदाधिकाऱ्यांकडून येणे' म्हणून उभे केले. सभा नसलेली चहा-नाश्त्याची १२ बिलं खर्चातच ठेवून अनुचित खर्च म्हणून रिपोर्टमध्ये टाकली. पदाधिकाऱ्यांना सगळ्यात जास्त झोंबलं ते 'येणे'चं हेड, रकमेपेक्षा जास्त. 'किरकोळ येणे' असं लिहा ना, असा दोन वेळा निरोप आला.

ते माझ्या हातात नव्हतं. ट्रस्ट कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ऑडिटरला अनियमित, बेकायदा किंवा अनुचित खर्च, वसूल न केलेली रक्कम आणि ट्रस्टचं झालेलं नुकसान, हे सगळं प्रकरणागणिक लिहावं लागतं, विश्वस्तांच्या गैरवर्तनामुळे झालंय का तेही सांगावं लागतं, आणि रिपोर्टची प्रत मंडळासोबत धर्मादाय कार्यालयालाही जाते. मी 'अपहार' हा शब्द वापरला नाही. तो ठरवायचा अधिकार माझा नाही, माझ्याकडे पुरावा आहे तो एवढाच की पावती फाडली, पैसे वहीत नाहीत, आणि एका आचाऱ्याच्या नावाने दोनदा रोख उचलली गेली. तेवढंच लिहिलं, पावती नंबर आणि व्हाऊचर नंबरसकट.

एक गोष्ट राहिली, ती इन्कम टॅक्सची. मंडळाला १२ए म्हणजे करसवलतीची नोंदणी होती, पण खेळ सहसा 'सार्वजनिक उपयोगाच्या' गटात धरतात आणि तिथे व्यावसायिक स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या वर गेली की त्या वर्षाची सूट अडचणीत येते. इथे स्पॉन्सरशिप तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. स्पॉन्सरशिप व्यावसायिक धरायची की नाही यावर वाद आहे, सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२२ च्या निकालात क्रिकेट संघटनांची प्रकरणं नव्याने तपासायला परत पाठवली होती. मंडळाला लेखी कळवलं आणि करार नीट करून घ्यायला सांगितलं.

सप्टेंबरमध्ये ४२,५०० बँकेत भरले गेले, म्हणजे कागद नसलेले ३६,५०० आणि सचिवांचे ६,०००. टी-शर्टचे ४२,००० अण्णांनी दोन हप्त्यांत देतो म्हणून लिहून दिलं. पतसंस्थेतलं खातं बंद झालं. वार्षिक सर्वसाधारण सभेत रिपोर्ट वाचला गेला तेव्हा निम्मा हॉल अण्णांच्या बाजूने होता, एक जण उठून म्हणाला की ज्या माणसाने तीस वर्षं मंडळ चालवलं त्याला बाहेरचा माणूस येऊन टी-शर्ट मोजायला लावतो. मामा मागे खुर्च्या लावत होते, त्यांनी काही ऐकलं नाही असं दाखवलं.

सभेनंतर पुस्तक नंबर ३८ माझ्यासमोर आणलं. ५४ पावत्या कोऱ्या होत्या. नवीन खजिनदार आणि मी बसून प्रत्येकीवर दोन तिरक्या रेघा मारल्या, 'रद्द' लिहिलं, दोघांनी सह्या केल्या, शेवटची ३८०० नंबरची करेपर्यंत हॉलमधले दिवे मामांनी बंद करायला घेतले होते.